शंभर मीटरच्या आतली बेकरी

माणसाचा राग येणं वेगळं आणि किळस येणं वेगळं. राग उतरतो. त्या घरमालकाची किळस मात्र अजून गेलेली नाही, आणि तिच्यात थोडी माझी स्वतःचीही मिसळलेली आहे, म्हणूनच बहुतेक ती जात नसावी.

मी वास्तुरचनाकार आहे. टॉवरची कामं करत नाही, मिळतही नाहीत. जुन्या घरांची मोजणी, नकाशे आणि परवानग्यांचे अर्ज यांवर माझं चालतं. होळी नावाच्या भागात राहते, आणि घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस आहे. खिडकीतून शेजारच्या वाडीतल्या केळी दिसतात.

तो फेब्रुवारीत आला. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, खोकं. राहायला चंदनसारला, फ्लॅटमध्ये. आल्याआल्या खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, माझीच जागा आणि मलाच चोर ठरवलंय." मग प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन पत्रं काढली.

पाचूबंदरच्या रस्त्याला, किल्ल्याच्या जवळ, त्याच्या आजोबांनी बांधलेली एक दुमजली इमारत होती. खाली बेकरी, वर दोन रिकाम्या खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. त्याला कौलं काढून स्लॅब टाकायचा होता आणि वर आणखी एक मजला चढवायचा होता. कंत्राटदाराने बांबू उभे केले आणि आठवड्याभरात दोन पत्रं आली. एक महापालिकेचं: इमारत वारसा यादीत आहे, काम थांबवा. दुसरं पुरातत्त्व खात्याचं: जागा प्रतिबंधित क्षेत्रात आहे, काम थांबवा.

"दोन खाती, एकच घर," तो म्हणाला. "कोणाचं ऐकायचं?"

"दोघांचं," मी म्हणाले. "आधी मोजून बघू."

दुसऱ्या दिवशी मोजमापाचं यंत्र घेऊन गेले. इमारत मी रस्त्यावरून शेकडो वेळा पाहिली होती, पण आत कधी गेले नव्हते. पाऊण मीटर जाडीच्या चुन्याच्या भिंती होत्या, सागाचे वासे होते, आणि मागच्या बाजूला विटांच्या घुमटाची लाकडावर पेटणारी भट्टी होती. तिच्यापुढे उभं राहिलं की तोंड भाजायचं. बेकरी चालवायची पाचूबंदरची एक कोळीण. नवरा वारल्यावर तिने दोन कामगारांना हाताशी धरून धंदा तसाच चालू ठेवला होता. नवऱ्याच्या आजोबांपासून त्यांच्याकडे ही जागा भाड्याने होती. मोठ्या हाडाची, कोपरापर्यंत पिठाने माखलेली बाई. मी फीत लावून भिंती मोजत होते तेव्हा तिने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पानी घे, बाय. मालक पाडनार हाय का घर?"

"नाही. पाडता येणारच नाही," मी म्हणाले.

त्या वेळी हे मी फार ठामपणे बोलले.

मोजणीत किल्ल्याच्या हद्दीपासूनचं अंतर निघालं चौऱ्याहत्तर मीटर. चार दिवसांनी मालकाला बेकरीतच बोलावलं. सकाळचा माल संपला होता, भट्टी निवत होती. फळीवर बसून मी त्याला कागदावर काढून दाखवलं. हे काम मला आवडतं, आणि मला ते चांगलं जमतं असा माझा समज होता.

"तुमच्या घराला दोन कुंपणं आहेत," मी म्हणाले. "पहिलं महापालिकेचं, म्हणजे यादीचं. यादीत श्रेण्या असतात. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला आतून-बाहेरून जवळपास हातच लावायचा नाही. तिचं आयुष्य वाढवायला जे लागेल तेवढंच करायचं. दुसऱ्या श्रेणीत अ आणि ब. अ मध्ये बाहेरचं रूप सांभाळून आत बदल करता येतात. ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात जोडबांधकामाचाही विचार होऊ शकतो, पण उंची आणि दर्शनी भाग जुन्याशी जुळला पाहिजे. तिसरी श्रेणी त्याहून सैल. तुमचं घर दुसऱ्या श्रेणीतलं ब आहे, सज्ज्यामुळे आणि या भट्टीमुळे. कुठल्याही श्रेणीत आधी परवानगी. आयुक्त वारसा समितीचा सल्ला घेऊन ती देतात. रंग लावायचा असला तरी."

"रंगालासुद्धा?"

"रंगालासुद्धा."

"पण ब मध्ये जोडबांधकाम होतं. म्हणजे मजल्याचा चान्स आहे."

"एवढंच कुंपण असतं तर आपण परवानगी मागून बघितली असती. पण दुसरं कुंपण किल्ल्याचं आहे, तो केंद्राचा कायदा. किल्ल्याच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र. त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजायचं ते तटाच्या भिंतीपासून नाही, नकाशात आखलेल्या हद्दीपासून. नियंत्रित क्षेत्रात परवानगी काढून बांधता येतं, उंचीच्या मर्यादेत. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला परवानगीच नाही. मजला नाही, खोली नाही, शेडही नाही. आणि तुम्ही चौऱ्याहत्तरवर आहात."

कागदावर बोट टेकवून तो म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत चार मजले उभे राहिले ते?"

"ते शंभरच्या बाहेर असतील, नाहीतर बेकायदा असतील. त्याने तुमचं कायदेशीर होत नाही."

"मग मी करायचं काय? हे घर डोक्यावर घेऊन नाचू?"

"दुरुस्ती करा. एकोणीसशे ब्याण्णवच्या जूनआधीचं घर असेल, आणि तुमचं आहेच, तर शंभरच्या आतही दुरुस्ती आणि नूतनीकरणाला परवानगी मिळते. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो, तिथून दिल्लीला, मग उत्तर येतं. कौलं बदला, वासे बदला, आत संडास-न्हाणी करा, वरच्या खोल्या भाड्याने द्या. दोन-चार महिने लागतील. अर्ज मी करून देते."

तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला. आवाज अगदी साधा होता.

"आणि समजा, घर आपोआप पडलं तर?"

मला वाटलं, माणूस घाबरलाय. जुनं घर, खाली भट्टी, पुढे पावसाळा. म्हणून मी मायेने उत्तर दिलं. "मग तुमचं सगळंच जाईल. शंभरच्या आत हक्क आहे तो उभ्या घराच्या दुरुस्तीचा. घरच नसलं तर दुरुस्ती कशाची करणार? मोकळ्या जमिनीवर बांधणं म्हणजे..."

त्याचा फोन वाजला. तो उठून बाहेर गेला, बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा भुवया वर करून म्हणाला, "पण पडलं तर ग्रेड जाते ना?"

"ग्रेडही आपोआप जात नाही. आणि गेली तरी शंभर मीटर कुठे जाणार?"

त्याने मान हलवली. हुं, हुं. ऐकत नसताना माणूस हलवतो तशी. ते मला दिसलं होतं. मी पुन्हा सांगितलं नाही. मोठ्या उत्साहाने दुरुस्तीचा अर्ज कसा लिहू ते सांगत बसले.

अर्ज मी तयार केला. नकाशे, फोटो, वाशांची यादी; एक प्रत त्याला पाठवली. सहीसाठी त्याला चार वेळा फोन केले. आज येतो, उद्या येतो. तो आला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेकरीवालीचा फोन आला. "बाय, जरा येऊन जा. फोनवर नाय सांगत."

गेले. मागच्या उतारावरची निम्मी कौलं उतरवलेली होती. वर निळी ताडपत्री, तीही दगडांशिवाय, वाऱ्याला फडफडत होती. मागच्या भिंतीला, आतून, वरच्या रिकाम्या खोलीत मिठाच्या गोणी रचल्या होत्या, भिंतीला अगदी चिकटून, आणि त्या ओल्या होत्या. खारं पाणी चुन्यात झिरपून भिंतीवर पांढरे फोड आले होते. बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. मिठाच्या गोणीवर कोणी चुकून पाणी सांडत नाही.

"हे बघ," ती म्हणाली आणि मला कोपऱ्यात घेऊन गेली. भिंतीत रुतलेल्या वाशाच्या टोकाला ओली माती थापलेली होती. तिने नखाने ती खरवडली. आत सागाचा ताजा, पिवळा काप. जमिनीवर भुसा. वासा तीन भाग कापून एक भाग ठेवला होता. पुढचा वासा तसाच. त्याच्या पुढचाही.

"मालक बोलला, उंदीर लागलेत," ती म्हणाली. "उंदीर करवत चालवतो का गं, बाय?"

खाली भट्टी पेटलेली होती, दोन माणसं पाव काढत होती, आणि त्यांच्या डोक्यावरचं छप्पर कोणीतरी मोजून मापून, रोज थोडं थोडं कापत होतं. वर माती थापून झाकण्याइतकी काळजी घेतलेली. लाकूड घट्ट होतं. मी मार्चमध्ये यादीत लिहिलं होतं: वासे उत्तम स्थितीत. बहुतेक ती यादी त्याच्याही कामाला आली असावी. कुठला वासा काय पेलतो ते तिच्यात क्रमांकानिशी होतं.

तिथूनच त्याला फोन लावला.

"अहो मॅडम, दुरुस्ती चाललीय," तो म्हणाला. "तुम्हीच बोललात ना, दुरुस्ती अलाऊड आहे?"

"परवानगी घेऊन. आणि वासे कापणं ही दुरुस्ती नाही."

"वाळवी लागली होती."

मग मी बोलत सुटले. आजोबांनी हौसेने बांधलेलं घर आहे, असा सज्जा आता या रस्त्यावर दुसरा नाही, असं लाकूड आता मिळत नाही, खाली माणसं काम करतात, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. दहा मिनिटं. तो मध्येमध्ये "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होता.

पुढे कित्येक दिवस मी ते संभाषण मनात उलटंपालटं केलं आहे. मी त्याची लाज काढायला गेले, आणि लाज त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे लोभ होता. "पडलं तर तुम्हाला तिथे एक वीटही रचता येणार नाही," हे एकच वाक्य त्याला थांबवू शकलं असतं, आणि नेमकं तेच त्या दिवशी मी बोलले नाही. आधी एकदा सांगून झालं होतं, असं मी स्वतःला समजावते. पण त्याने ऐकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. चांगुलपणाचं भाषण ठोकण्यात मला जास्त समाधान मिळत होतं.

तक्रार मात्र लेखी केली, दोन्हीकडे, फोटो जोडून. नोटीस निघाली, दारावर चिकटवलीही. काम थांबलं, कारण करायचं काम उरलंच नव्हतं. बेकरीवालीला मी बांबूचे टेकू लावायला सांगितलं. तिने लावले. चार दिवसांनी कोणीतरी त्यातले दोन काढून नेले.

"जागा सोड," मी तिला सांगितलं. "सामान हलव."

"भट्टी कशी हलवू?" ती म्हणाली. "आनि बंद ठेवली तर गिऱ्हाईक परत येनार हाय का?"

कामगारांना मात्र तिने मागच्या खोलीत दुपारचं झोपायला बंदी केली. तेवढ्याने दोन जीव वाचले.

जुलैत, दुपारी तीनच्या सुमाराला, मागची भिंत बसली. आधी भिंत, मग वासे, मग वरची जमीन, सगळं भट्टीच्या घुमटावर. त्या वेळी ती बंदरात उधारीचे पाव देऊन येत होती आणि कामगार समोर चहाला गेले होते. मी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता आणि ओल्या चुन्याचा, मिठाचा, भाजलेल्या मैद्याचा वास एकत्र येत होता. रस्त्यावर माणसं जमली होती. सज्जा अजून लोंबकळत होता. तोही संध्याकाळी उतरवावा लागला, धोकादायक म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात उरलेल्या भिंतीही उतरवल्या गेल्या.

मालक माझ्या आधी पोचला होता. पांढरा शर्ट. कोणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रण करत होतं आणि तो डोळे पुसत सांगत होता, "आमच्या आजोबांची निशाणी होती. निसर्गापुढे कोणाचं चालतं?" अश्रू खरे होते, तेच मला सहन झालं नाही. खोटं रडत असता तर मी त्याला नुसता बदमाश म्हणून सोडून दिलं असतं. स्वतः मारलेल्या गोष्टीसाठी मनापासून रडता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बेकरीवाली त्याच्याकडे बघतही नव्हती. ढिगाऱ्यावर चढून ती हाताने विटा बाजूला करत होती. घुमटाचा एक तुकडा तिला सापडला, अजून कोमट. तो तिने पदरात धरला आणि मग, काय करायचं ते न सुचून, परत खाली ठेवला.

पंधरा दिवसांनी तो माझ्या ऑफिसात आला. या वेळी बरोबर एक जमिनीचा दलाल होता, सोनेरी चष्मा, आणि हातात गुंडाळलेला नकाशा. तळाला दुकानं, वर चार मजले.

"आता प्लॉट क्लिअर आहे," दलाल म्हणाला. "इमारतच नाही तर ग्रेड कशाला? यादीतून नाव काढायचा अर्ज तुम्ही करा. जुन्या केसची तुम्हाला माहिती आहे."

मी नकाशा उघडला नाही. मालकाकडे बघून म्हणाले, "यादीतलं नाव निघो न निघो. तुमची जागा चौऱ्याहत्तर मीटरवर आहे. शंभरच्या आत नवीन बांधकाम होत नाही. जुनं होतं ते तुम्हाला दुरुस्त करता येत होतं, आत बदलता येत होतं, भाड्याने देता येत होतं. तो हक्क घराला होता, जमिनीला नव्हता. घर गेलं, हक्क गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे चार मजले नाहीत. एक मजला नाही. पत्र्याची शेड नाही."

दलालाने हळूच नकाशा गुंडाळायला घेतला. तो धंदेवाला होता, त्याला लवकर कळलं. मालकाला वेळ लागला. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पोटातून, गोड, घाणेरडा आनंद. मी तो चघळत बसले होते.

"तुम्ही हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. बेकरीत, फळीवर बसून. तुम्हाला फोन आला होता."

तो खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, रस्त्याच्या बाजूची भिंत अजून कमरेएवढी उभी आहे. तिला घर दाखवून दुरुस्तीचा अर्ज करता येईल? फोटो जुने लावू. तुमच्याकडे आहेतच."

माझ्याकडे फोटो होतेच. कापलेल्या वाशांचेही होते, आणि तेही दिले होते योग्य ठिकाणी. मी उठून दार उघडलं. बोलले असते तर थुंकले असते.

त्याने दुसरा कोणीतरी गाठून अर्ज केलाच. काही महिन्यांनी तो अर्ज परत आला: जागा प्रतिबंधित क्षेत्रात, जागेवर इमारत अस्तित्वात नाही, नवीन बांधकामाला परवानगी देता येत नाही. यादीतली इमारत विनापरवानगी पाडल्याची चौकशी चालू आहे. त्याचं म्हणणं एकच, पावसाने पडली. मी जबाब दिला आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

अर्ज फेटाळल्याची बातमी घेऊन मी पाचूबंदरला गेले. मुद्दाम गेले. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती घरासमोर बसून कोलंबी सोलत होती.

"त्याला काहीच बांधता येणार नाही," मी सांगितलं. "कधीच."

ती हसली नाही. कोलंबीचं डोकं मोडून बाजूला टाकत म्हणाली, "मग माजी भट्टी?"

मी तिच्या शेजारी खाली बसले.

"जागा मोकलीच हाय ना? भट्टी कितीशी? चार हात. वर पत्रा टाकीन. मालकाला भाडं देईन, घेईल तो आता."

आणि मग मला तिलाही तेच सगळं समजावून सांगावं लागलं. हद्द, शंभर मीटर, चौऱ्याहत्तर. की ती भट्टी तिथे होती तोवर तिची डागडुजी हवी तितकी करता आली असती, परवानगी काढून. आता ती नवी बांधायची म्हणजे नवीन बांधकाम. कायद्याला तो कोण आणि ती कोण हे दिसत नाही, त्याला फक्त अंतर दिसतं. मी सावकाश, सोप्या शब्दांत सांगत होते, आणि माझाच आवाज मला शिळ्या पिठासारखा आंबट लागत होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही मान हलवली नाही. शेवटी विचारलं, "म्हंजे त्याने पाडलं, आनि शिक्षा दोघांला सारकी?"

"हो," मी म्हणाले.

"बरा हाय तुमचा कायदा," ती म्हणाली. मग टरफलं गोळा करत, "नाय, कायद्याला काय बोलू. किल्ला तरी ऱ्हाईल." आणि पुढची कोलंबी उचलली.

ती आता नालासोपाऱ्यात एका मोठ्या बेकरीत जाते, विजेच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या हाताखाली. तिच्या पावांची चव आता कुठल्या पिशवीत असते ते मला माहीत नाही. त्या जागेवर एरंड उगवला आहे, आणि आजूबाजूचे लोक कचरा टाकतात.

काम मी सोडलेलं नाही. फक्त एक सवय बदलली आहे. हल्ली कोणी मालक समोर बसला की घराचं कौतुक नंतर करते. आधी विचारते, "पडलं तर काय, हे माहीत आहे?" आणि उत्तर कागदावर लिहून, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते. बरेच जण चिडतात. एक-दोघांच्या डोळ्यांत वाचताना काहीतरी विझताना दिसतं, आणि तेव्हा मला कळतं की हाही तेच ठरवून आला होता.